पारावर वाचलेलं पत्र

आमच्याकडे माणूस ओळखीचा असो की अनोळखी, बोलणं सुरू होतं ते तंबाखूपासून. "आहे का गा जराशी?" एवढं विचारलं की झालं. दोन भाऊ बांधावरून वर्षभर अबोला धरून असले आणि एकानं दुसऱ्यापुढे तळहात केला, तर भांडण मिटलं असं गाव समजतं. जो देत नाही तो चिक्कू, आणि जो खातच नाही त्याच्याशी काय बोलावं हे कुणाला कळत नाही. मी खात नाही. त्यामुळे गावात मी नेहमीच थोडा पाहुणा राहिलो.

माझे बाबा जंगलखात्यात वनरक्षक होते. पोंभुर्ण्याच्या बाजूचं जंगल त्यांच्याकडे होतं. उन्हाळा लागला, मोह गळायला लागला की त्यांची झोप उडायची. फुलं वेचता यावीत म्हणून लोक मोहाखालचा पाला जाळून जागा साफ करतात, आणि त्यात कुणी पेटती बिडी टाकली की वारा पुढचं काम करतो. बाबा आधी स्वतः बिडी ओढायचे. एका वणव्यानंतर त्यांनी बिडी सोडली ती सोडलीच, आणि मग दुसऱ्यांची सोडवायला निघाले. त्यांची पद्धत सोपी होती. रानात कुणी बिडी ओढताना दिसला की ओरडायचं नाही, दंडाची भाषा करायची नाही. जवळ जाऊन बसायचं आणि म्हणायचं, "ते इझव. हे घे." मग डबी काढायची.

म्हणजे जंगल वाचवायला बाबांनी गावोगाव तंबाखू वाटली. वरिष्ठांनी त्यांची पाठ थोपटली, मोहवाल्या बायाही त्यांना दुवा देत. रान उभं राहिलं हे खरं आहे. मला मात्र अजून त्या रानाचा राग येतो, आणि राग यावा असं त्या झाडांनी काही केलेलं नाही, हेही मला कळतं.

बाबांचं तंबाखू मळणं मी लहानपणापासून पाहिलं होतं. डाव्या तळहातावर सुकी तंबाखू घ्यायची, त्यातल्या काड्या नखानं वेचून टाकायच्या. नखाच्या टोकावर चुना घेऊन तो तिच्यात मिसळायचा. मग उजव्या अंगठ्यानं घोळ घोळ घोळायची, ती काळपट होईपर्यंत. शेवटी दोन थापा मारायच्या म्हणजे धूळ उडून जाते आणि शेजारचा शिंकतो. उरलेली चिमूट खालच्या ओठात, उजव्या बाजूला, दाताला लागून ठेवायची. जागा कधी बदलली नाही. झोपतानाही तिथे चिमूट असायची, आणि आईची उशीची खोळ कायम डागाळलेली असायची.

मी नागपूरला एका सरकारी कचेरीत लागलो, लग्न झालं, मुलगी झाली. बाबा निवृत्त होऊन गावी आले. धानाचं थोडं शेत होतं, त्यात त्यांचा जीव रमला. त्या वर्षी पोळ्याला मी घरी गेलो. आईनं वडे केले होते, हिरव्या मिरचीचा ठेचा केला होता. बाबांना ठेचा म्हणजे जीव की प्राण. त्यांनी तो बोटाच्या टोकावर घेतला, जिभेला लावला आणि ताट जरा पुढे सरकवलं. वडे वरणात बुडवून, मऊ करून खाल्ले. मी आईकडे पाहिलं. आई म्हणाली, "उन्हाळ्यापासून असंच हाय. तिखट झोंबते म्हनते."

मी हातातला वडा ताटात ठेवला, कारण त्याच्या थोडे दिवस आधी मी कचेरीतल्या एका तंबाखू खाणाऱ्या सोबत्याला घेऊन दातांच्या दवाखान्यात गेलो होतो. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी त्याच्या गालात बत्ती धरून मलाही वाकून बघायला लावलं होतं. तोंडात तिखट का झोंबतं, ते तेव्हापासून मला माहीत होतं.

पण बोलणार कसा? आमच्या घरात बाबांना कुणी काही सांगत नसे. ते रागीट नव्हते, उलट फार गोड होते, आणि तीच अडचण होती. तोंडावर बोललो असतो तर त्यांनी हसून पाठीवर हात ठेवला असता आणि विषय बैलांवर नेला असता. नागपूरला परत आलो आणि पत्र लिहायला बसलो. आंतर्देशीय पत्रात मावेना, म्हणून फुलस्केप कागद घेतले. पुष्कळ खाडाखोड झाली. शेवटी स्वच्छ अक्षरात उतरवलं ते असं होतं:

"बाबा, तुम्हाला आणि आईला नमस्कार. इकडे सगळे बरे आहोत. तुमची नात आता भिंत धरून उभी राहते.

पोळ्याला तुम्ही ठेचा बाजूला सारला, ते मी पाहिलं. तेव्हा बोललो नाही, आता लिहितो. रागावू नका.

तंबाखू तुम्ही ज्या जागी ठेवता तिथली कातडी चुन्यानं रोज भाजते. भाजलेल्या कातडीतून तंबाखूचं विष लवकर रक्तात जातं, म्हणून तरतरी येते. चुना त्यासाठीच लागतो. वर्षानुवर्षं भाजून ती कातडी जाड होते, खरखरीत होते, तिथे पांढरा चट्टा येतो. बोटानं पुसला तरी तो जात नाही. तो दुखत नाही, आणि दुखत नाही म्हणून माणूस बेफिकीर राहतो. सगळेच चट्टे बिघडतात असं नाही. पण काही बिघडतात, त्यांचा कर्करोग होतो, आणि कोणता बिघडणार हे वरून सांगता येत नाही. दोन-तीन आठवड्यांत न भरणारी जखम, गाठ, हलणारा दात, तिखटाची आग, यातलं काहीही असलं तर डॉक्टरांनी बघायलाच हवं.

एक करा. सकाळी अंगणात उन्हात आरसा घेऊन बसा, खालचा ओठ ओढा आणि उजवीकडे बघा. आईलाही बघायला सांगा.

सोडायला लागलात की शरीर मागेल. डोकं दुखेल, चिडचिड होईल, झोप लागणार नाही, पोट साफ होणार नाही. पहिला आठवडा सगळ्यात वाईट. पण मग एकेक दिवस हलका होत जातो. सकाळची पहिली चिमूट सगळ्यात कठीण, तर उठल्याबरोबर गरम पाणी प्या, शेतात एक चक्कर मारा. झोपताना तोंडात ठेवणं आजपासून बंद करा. तलफ आली की ती काही मिनिटंच राहते. तेवढ्यात पाणी प्या, बडीशेप घ्या, ओवा घ्या, लवंग ठेवा. सुपारी नको, सुपारी-तंबाखू घोटलेला खर्रा तर नकोच नको. डबी खिशात ठेवू नका. आणि एखाद्या दिवशी चुकून खाल्लीच तर 'गेलं सगळं' असं म्हणून बसू नका. दुसऱ्या दिवशी पुन्हा सोडा.

तुम्ही किती लोकांच्या बिड्या सोडवल्या. सोडवण्यातलं मी तुम्हाला काय शिकवणार? मला एवढंच वाटतं की माझ्या मुलीला रानातले पक्षी आवाजावरून तुम्ही ओळखायला शिकवावं. मला ते येत नाही.

नागपूरला या. मी दवाखान्यात घेऊन जातो. तुमचा."

खाली मी माझं घरातलं नाव लिहिलं, ज्या नावानं फक्त बाबाच मला हाक मारायचे.

उत्तर आलं नाही. आईला वाचता येत नव्हतं, आणि शेजारच्या फोनवर बोललो तेव्हा बाबा म्हणाले, "भेटलं पत्र. लय बेस लिवलं." पुढे विषय धानाच्या किडीवर.

दिवाळीला गेलो. बसमधून उतरलो तर पानठेल्यावर बसलेला एक जण मला म्हणाला, "या साहेब, आज सकाळी आरशात पाहून घेतलं, चट्टा नाई." मला काही कळेना. पुढे किराणा दुकानातली बाई म्हणाली की तिच्या नवऱ्यानं झोपताना तंबाखू ठेवणं बंद केलं. आणि मारुतीच्या पारापाशी आलो तेव्हा सगळं कळलं. पारावर दहा-बारा माणसं बसली होती. मधे बाबा, डोळ्यांवर चष्मा, हातात माझे ते कागद. घड्या पडून पडून कागद मऊ झाले होते. बाबा मोठ्यानं वाचत होते, "तलफ आली की ती काही मिनिटंच राहते," आणि समोरची माणसं माना डोलवत तंबाखू घोळत होती. बाबांच्या स्वतःच्या ओठात चिमूट होती, त्यामुळे 'प' आणि 'फ' जरा ओले येत होते.

मला पाहून बाबांचा चेहरा उजळला. "हाच तो. यानंच लिवलं हे."

मी हसलो नाही. घरी आल्यावर आवाज चढवला. ते पत्र तुमच्यासाठी होतं, तमाशा करायला नव्हतं, असं बरंच काही बोललो. आई चुलीजवळून म्हणाली, "लोका सांगे ब्रह्मज्ञान, तसं हाय यांचं." बाबा शांतपणे ऐकत होते. मग म्हणाले, "आपल्या गावात असं पत्र कोनाले आलं सांग बरं मले? पोरं पैशासाठी लिवते. तूनं माह्या तोंडासाठी लिवलं. मी ते पेटीत ठेवू का?"

"मग सोडा ना."

"सोडतो. धान कापून झाले का सोडतो."

उन्हात आरसा घेऊन ओठ बघितला का, विचारलं. म्हणाले, "पायला. काई नाई." मी बघतो म्हणालो तर ते तोंड दुसरीकडे वळवून थुंकले, आणि म्हणाले, "बापाच्या तोंडात पोरानं पाहू नाई."

तरी त्यांनी सोडून बघितली, हे सांगायला हवं. शिवरात्रीला मार्कंड्याच्या जत्रेला गेले, वैनगंगेत बुडी मारली आणि डबी नदीत सोडली. आईनं ते आनंदानं मला फोनवर सांगितलं. मग पत्रात लिहिलं होतं तसंच सगळं झालं. डोकं धरून बसायचे. रात्री अंगणात येरझारा घालायचे. पोट साफ होईना, कारण वर्षानुवर्षं चिमूट ठेवल्याशिवाय परसाकडे गेलेच नव्हते. आईनं एरंडेल दिलं, पालेभाज्या दिल्या. एरवी गोड असणारा माणूस आईवर ताट आपटायला लागला. हे सगळं कदाचित सोसलं असतं. पण पारावर जाऊन बसले की हातांना काम नाही. दुसरा घोळून चिमूट पुढे करायचा आणि बाबा नाही म्हणायचे. ज्यानं जन्मभर दिलं, त्यानं घेताना नाही म्हणणं लोकांना लागायचं. एकानं विचारलंच, "काऊन भाऊ, आमची चालत नाई का आता?" त्या दिवशी बाबांनी घेतली. डबी नदीत गेली होती, सवय काठावरच राहिली होती. शेवटी आईच दुकानातून पुडी घेऊन आली. मी तिच्यावर रागावलो तेव्हा ती म्हणाली, "तू नागपूरले राह्यतं. इथी मी राह्यतो याच्यासंग."

त्या पत्रानं एक माणूस मात्र खरोखर हलला. बाबांसोबत जंगलात वनमजूर म्हणून काम केलेले एक काका होते. वणव्यात दोघं खांद्याला खांदा लावून झाडाच्या डहाळ्यांनी आग झोडपायचे. काकांना लिहिता-वाचता येत नव्हतं. बाबा पत्र वाचायचे तेव्हा ते सगळ्यात पुढे बसायचे, पुन्हा वाच म्हणायचे. त्यांनी खरंच अंगणात आरसा नेला. त्यांना ओठाच्या आत पांढरं दिसलं आणि त्यांची भूक गेली. दवाखान्यात जायला तयार होईनात. बाबांनी त्यांना जवळजवळ ओढत चंद्रपूरला नेलं. तिथे तपासलं, चट्ट्याचा बारीकसा तुकडा काढून बाटलीत घालून पुढे पाठवला. पुन्हा निकालाला गेले, तेव्हाही बाबा सोबत होते. निकाल असा होता की अजून कर्करोग नाही, पण पेशी त्या वाटेला लागल्या आहेत. चट्टा कापून काढला. काकांनी त्या दिवसापासून तंबाखूला हात लावला नाही, आणि दर थोड्या महिन्यांनी तोंड दाखवायला जाऊ लागले.

बाबा प्रत्येक वेळी त्याच दवाखान्यात, त्याच दाराबाहेर बाकावर बसून राहिले. आत गेले नाहीत.

पावसाळ्यात आईचा फोन आला. बाबांच्या जबड्याखाली गाठ आली होती, सुपारीएवढी, कडक, न दुखणारी. मी त्याच दिवशी निघालो आणि त्यांना नागपूरला आणलं. डॉक्टरांनी ओठ खाली ओढला. आतली जखम मी पहिल्यांदा पाहिली. कडा वर आलेल्या, मधे खोल, आणि जुनी. ती एका पावसाळ्यातली नव्हती, हे मलाही कळलं. मी विचारलं, "कधीपासून आहे?" बाबा खिडकीबाहेर बघत म्हणाले, "हाय, बरेच दिवसाची."

मग जे होतं ते झालं. जबड्याचा उजवा भाग काढला, मानेतल्या गाठी काढल्या, छातीवरचं मांस आणून तिथे लावलं. नळीनं दूध, मग किरणांचा शेक. शेकानं तोंडाची आतून साल निघाली. मी हे जास्त लिहीत नाही. तंबाखू त्यांनी त्या काळात सोडली, पण त्याला सोडणं म्हणत नाहीत. बोलणं समजेनासं झालं तसे ते पाटीवर लिहायचे, आणि माझ्या मुलीसाठी पाटीवर पक्षी काढायचे. पक्ष्यांच्या आवाजाचं राहिलं ते राहिलंच. गाठ परत आली. पुढच्या वर्षी, धान लोंबीवर आलेलं असताना, बाबा घरीच गेले.

तेरवीला गाव आलं. आमच्याकडे दुखवट्याला आलेल्यांपुढे तंबाखू, चुना, सुपारीचं ताट ठेवायची रीत आहे. मी आदल्या दिवशीच सांगितलं होतं की ताट ठेवायचं नाही. चुलत्यांनी कुरकुर केली, पण मी ऐकलं नाही. ओसरीवर बडीशेप ठेवली. माणसं बसली, कुणी बडीशेपीला हात लावला, कुणी नाही. हातांना काम नव्हतं, त्यामुळे तोंडालाही नव्हतं. बाबांच्या गोष्टी सांगायला आलेली माणसं खाली बघत बसली होती. मला वाटलं, मी बाबांना त्यांच्याच तेरवीत एकटं पाडलं.

तेव्हा काका माझ्या बाजूला येऊन बसले. हळू आवाजात म्हणाले, "दवाखान्यात मी लय भ्यालो होतो. बसस्टँडवरूनच पळून चाललो होतो. तुया बाप म्हने, 'माह्या तोंडात पाय, मी तुयापेक्षा जास्त खाल्ली, मले काई झालं का?' मी म्हनलं, दाखव. त दाखवे नाई, नुसता हासे. मले वाटलं गंमत करून राह्यला." त्यांनी आवाज आणखी उतरवला. "त्याले ठाऊक होतं रे. त्याच्या तोंडातलं मले दिसलं असतं त मी आत गेलोच नसतो. आन् तो बी भेत होता. माणूस दुसऱ्याले नेते, आपल्या पायानं नाई जात."

मला त्या क्षणी काकांचाही राग आला, ते जिवंत बसले होते म्हणून. असा राग येणं वाईट आहे, पण आला.

काका माझ्याकडे बघून म्हणाले, "ते पत्र वाच ना आज. लोक आले हाय."

मी नाही म्हणालो. मग काका स्वतःच सरळ बसले, डोळे मिटले आणि म्हणायला लागले. ज्यांना अक्षर येत नव्हतं त्या माणसाला पत्र तोंडपाठ होतं. पोळ्याचा ठेचा, नात भिंत धरून उभी राहते, चुन्यानं कातडी भाजते, उन्हात आरसा. कुठे थांबायचं, कुठे आवाज उतरवायचा, सगळं बाबांचं होतं. ओसरीवरची माणसं हळूहळू वर बघायला लागली. आई दारात येऊन उभी राहिली. 'दुसऱ्या दिवशी पुन्हा सोडा' आलं, रानातले पक्षी आले, नागपूरला या, आलं.

मला वाटलं, संपलं. पण काका थांबले नाहीत. त्याच चालीत पुढे म्हणाले, "'आन् बाबा, नाई सुटली तरी मी तुमच्यावर रागावनार नाई. तुमी माह्ये बाबाच राहाल. तुमचा.'"

मी ते लिहिलं नव्हतं. असं काहीच लिहिलं नव्हतं. बाबा ते रोज, पारावर, चष्मा लावून, कागदावर बघून वाचत होते.

काकांनी डोळे उघडले. "असंच होतं ना?" त्यांनी विचारलं. सगळी ओसरी माझ्याकडे बघत होती, आणि दारातून आईही.

"हो," मी म्हणालो. "असंच लिहिलं होतं मी."